रिअ‍ॅक्टरचे पैसे घेतले, दिली केबलची वेटोळी

पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारा एपीएफसी पॅनल घेणाऱ्यांनी हे वाचाच. आमच्या मोल्डिंग युनिटसाठी १५० केव्हीएआरचा, २५-२५ च्या सहा कपॅसिटर स्टेपचा पॅनल केला. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: प्रत्येक स्टेपला ७ टक्के सिरीज रिअ‍ॅक्टर. त्याचे पैसेही वेगळे लावले होते.

काही महिन्यांत काँटॅक्टर चिकटायला लागले. रिले स्टेप सोडायचा, पण काँटॅक्ट वेल्ड झालेले, त्यामुळे कपॅसिटर रात्रभर लाईनवरच आणि पॉवर फॅक्टर लीडिंग. पॅनलवाल्याचं ठरलेलं उत्तर, "साहेब, तुमच्याकडचं व्होल्टेज खराब आहे."

खालचा पत्रा काढला. काँटॅक्टर आणि कपॅसिटरच्या मध्ये केबलचेच सात-आठ वेढे, टाय मारून बसवलेले. "हाच की रिअ‍ॅक्टर!" म्हणे. आता २५ केव्हीएआर, ४४० व्होल्टच्या स्टेपला ७ टक्के म्हणजे प्रत्येक फेजला साधारण १.७ मिलिहेन्री लागतात. लोखंडी गाभ्याचं, तापणारं, गुणगुणणारं जड धूड असतं ते. या वेटोळ्यात काही मायक्रोहेन्री, म्हणजे शेकडो पट कमी.

तीन स्टेप चालू असताना चौथी टाकली की भरलेले तिन्ही कपॅसिटर त्या रिकाम्यात एकदम ओततात. वाटेत तीनएक मायक्रोहेन्रीच असेल, तर ३३ अँपिअरच्या स्टेपला क्षणभर साडेतीन हजारांचा झटका बसू शकतो. खरा रिअ‍ॅक्टर असता तर तो दोनशेच्या आत राहिला असता. आणि काँटॅक्टरही साधेच होते! कपॅसिटर ड्यूटीच्या काँटॅक्टरवर एक जादा ब्लॉक आणि रेझिस्टन्सच्या वळलेल्या तारा दिसतात. मुख्य काँटॅक्टच्या काही मिलिसेकंद आधी करंट त्या तारांतून जातो आणि झटका तिथेच मरतो. रिअ‍ॅक्टर नसेल तर निदान हे तरी हवं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

पत्रा न काढता कळायचं असेल तर लाईन टू लाईन व्होल्टेज बसबारवर घ्या आणि स्टेप चालू असताना कपॅसिटरच्या टर्मिनलवर घ्या (लाईव्ह काम आहे, वायरमनकडूनच करून घ्या). ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर असेल तर कपॅसिटरवर साडेसात टक्के जास्त दिसतं, ४४० चे ४७३. दोन्हीकडे सारखंच आलं तर समजून जा.

आवाज चढवल्यावर पॅनलवाला म्हणाला, "रिअ‍ॅक्टर बसवून देतो, हिशेब मिटवा." इथे दुसरा डाव आहे. त्याचे कपॅसिटर ४४० व्होल्टचे. त्यांना कायम ४७३ दिले तर ते फुगणार, आणि तेव्हा दोष आपल्या लाईनचा! रिअ‍ॅक्टर आला की कपॅसिटर ५२५ व्होल्टचे लागतात. तेही ५२५ ला ३३ केव्हीएआरचे घ्या, तेव्हा कुठे ४४० वर २५ मिळतात. आम्ही कपॅसिटरसकट सगळं बदलून घेतलं आणि उरलेली रक्कम व्होल्टेजचं रीडिंग बघूनच सोडली.