गॅपचा खुलासा: दोन-तीन ओळी की सविस्तर मेल?

इंटरव्ह्यूत नोकरीतल्या गॅपबद्दल ‘मधल्या काळात काय केलंत?’ असं विचारलं, उत्तर अर्धवट राहिलं आणि आता मेल लिहायला बसलात. आभाराच्या मेलमध्येच दोन-तीन ओळी घालायच्या की कारणं, तारखा, कागद जोडून वेगळा खुलासा पाठवायचा?

समजा, रावेरकडचा एक मुलगा जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला होता. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून जून 2024 अखेर नोकरी सोडली. मग दवाखाना आणि केळीची बाग दोन्ही त्याच्याच गळ्यात. सप्टेंबर 2025 मध्ये इंटरव्ह्यूला गेला तेव्हा ‘घरगुती अडचण होती’ एवढंच बोलला.

त्याने असं लिहावं: ‘कालच्या भेटीबद्दल आभार. गॅपबद्दल माझं उत्तर अपुरं राहिलं. वडिलांच्या आजारपणामुळे जुलै 2024 पासून मी गावी होतो आणि शेती बघत होतो. आता त्यांची तब्येत स्थिर आहे, घरी भाऊ आहे. मी लगेच रुजू होऊ शकतो.’

यातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात वजनदार. विचारणाऱ्याला आजाराची हकीकत नको असते; हा पुन्हा मध्येच सोडून जाईल का, एवढंच त्याला बघायचं असतं. सविस्तर मेलमध्ये नेमकं तेच तिसऱ्या परिच्छेदात बुडतं. शिवाय डिस्चार्ज कार्ड जोडलं की वडिलांचा आजार चार अनोळखी लोकांच्या इनबॉक्समध्ये फिरतो. शेतीचा उल्लेख क्वालिटीच्या जागेसाठी अर्ध्या वाक्यात पुरे, पण ठिबकच्या सेल्सची जागा असेल तर बागेचं काम दोन ओळी जास्त सांगा. तिथे तो अनुभवच आहे.

मोठा मेल एकाच ठिकाणी कामी येतो: तारखा जुळत नसतील तर. बायोडेटात नुसतं ‘2021–2024’ आहे, रिलीव्हिंग लेटरवर जून आहे आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत सोडल्याची तारीखच नाही, कारण जुन्या कंपनीने ती भरलेली नाही. व्हेरिफिकेशनवाल्याला हे दिसणारच. त्याच्या आधी तुम्हीच सांगा, रिलीव्हिंग लेटर जोडा. शेवटचं पीएफ योगदान जमा होऊन दोन महिने झाले असतील तर सोडल्याची तारीख यूएएनच्या पोर्टलवर स्वतःलाही भरता येते. पण ती योगदानाच्या शेवटच्या महिन्यातलीच असावी लागते. मेल पाठवण्याआधी ते बघून घ्या.

बाकी बहुतेकांना छोटाच मेल पुरतो. तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, एचआरच्या आधीच्या मेललाच उत्तर म्हणून पाठवा. दालमिल किंवा चटईच्या छोट्या कारखान्यात शेठनेच इंटरव्ह्यू घेतला असेल आणि बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर चालू असेल, तर हाच मजकूर तिथे टाइप करा. व्हॉइस मेसेज नको. दुकानात चारचौघांत तो मोठ्याने वाजतो.