‘ग’च्या कुबडीवर तीन महिने, आणि पुढचे पाच

चिनी शिकायला लागून आठ महिने झाले. चिनीत संख्या आणि नाम यांच्यामध्ये एक मोजशब्द घालावा लागतो. पहिले तीन महिने मी एकाच मोजशब्दावर काढले: ‘ग’. सगळ्याला चालतो, असं एका सीनिअरने सांगितलं होतं. माणूस, सफरचंद, प्रश्न यांना चालतोही. पण ‘यी ग शू’ (एक पुस्तक) म्हटलं की समोरचा समजून घेतो आणि लगेच ‘यी बन शू’ असं दुरुस्त करून परत म्हणतो. महिन्याभरात ते टोचायला लागतं.

मुळात हे हवंच कशाला? आपण ‘दोन कोथिंबीर’ म्हणत नाही, दोन जुड्या म्हणतो. लसूण पाकळीने मोजतो, साखर वाटीने. चिनीत जवळजवळ सगळीच नामं कोथिंबिरीसारखी वागतात. ‘यू’ म्हणजे मासा, मासे आणि मासळीही. त्यातला एक नग कोणता, हे मोजशब्द ठरवतो. ‘यी तियाओ यू’ म्हणजे अख्खा मासा, ‘यी ख्वाय यू’ म्हणजे तुकडा, ‘यी फान यू’ म्हणजे प्लेटभर. जेवण मागवताना हा फरक थेट बिलात दिसतो! संख्येसारखंच ‘हा’, ‘तो’ यांच्यानंतरही मोजशब्द लागतो, हे मला फार उशिरा कळलं.

निवडायचा कसा? शब्दाचा मूळ अर्थ धरला की बरंच सोपं जातं. ‘तियाओ’ म्हणजे मुळात बारीक फांदी. म्हणून लांबट, वळणाऱ्या गोष्टी त्याच्या: साप, नदी, रस्ता, मासा, आणि पँटसुद्धा. ‘झांग’ म्हणजे धनुष्य ताणणं, त्यामुळे पसरट गोष्टी: कागद, तिकीट, टेबल, पलंग. ‘बा’ म्हणजे मुठीत धरणं. सुरी, छत्री हे पटतं. खुर्चीही ‘बा’च, कारण तिची पाठ धरून ती उचलतात, असं सांगतात. ‘यी बा मी’ म्हणजे मात्र मूठभर तांदूळ, अगदी आपल्यासारखं.

ही युक्ती सगळीकडे टिकत नाही. बातमीलाही ‘तियाओ’ लागतो, तिथे आकार कुठून आणायचा? कुत्र्याला ‘तियाओ’ चालतो आणि लहान-मोठ्या प्राण्यांचा ‘झ’सुद्धा. म्हणून आता वहीत नुसतं नाम लिहीत नाही, ‘यी’ आणि मोजशब्दासकट लिहितो. ऑनलाइन शब्दकोशात नोंदीच्या शेवटी `CL:` दिसलं की पुढे मोजशब्द असतात. दोन असतील तर पहिला उचलतो.

अजून चुकतो तो महिन्यांत. दिवस आणि वर्ष यांना मोजशब्द नाही, महिन्याला आहे. ‘यी ग युए’ म्हणजे एक महिना, ‘ग’ गाळला तर ‘यी युए’ म्हणजे जानेवारी. मी एक महिना सुट्टीवर आहे असं सांगायला गेलो, तर समोरच्याने विचारलं, ‘जानेवारीत कुठे जाणार?’