स्क्रीनशॉट जोडणारं ॲप: दोन स्टारचे चार केले, पैसे मात्र देणार नाही

स्क्रोल करून लांब स्क्रीनशॉट घ्यायची सोय अँड्रॉइड १२ पासून सिस्टीममध्येच आली. ज्यांचा फोन त्याआधीचा आहे आणि कंपनीनेही ती दिलेली नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव. वापर एकच: बाणेरमधल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा टँकरच्या बिलाचा वाद सलग एका चित्रात कमिटीला पाठवणं.

ॲपने जोडलेल्या चित्रातून मधले दोन मेसेज चक्क गायब झाले, म्हणून दोन स्टार दिले होते. खरा घोळ वॉलपेपरचा आहे. मेसेज सरकतात, मागची नक्षी जागची हलत नाही. ॲप पहिल्या चित्राचा खालचा पट्टा दुसऱ्यात शोधतं. त्या पट्ट्यात नुसते ‘ओके’, ‘नोटेड’ असतील तर नक्षीच जास्त जुळते किंवा चुकीचा ‘नोटेड’ सापडतो. शिवाय जोड बरोबर असला तरी नक्षी तुटलेलीच दिसते, त्यामुळे चूक नजरेला कळत नाही. वॉलपेपर सपाट रंगाचा ठेवा, डूडल बंद करा. मग ॲप नीट चालतं. म्हणून आता चार स्टार.

स्क्रोल थांबवल्यावर वर तरंगणारी तारखेची पट्टी नाहीशी होऊ द्या, मगच बटणं दाबा. सुमारे पाव स्क्रीन पुन्हा येऊ द्या आणि त्यात एखादा लांबलचक मेसेज असू द्या. आमच्याकडे निबंध लिहिणारे काका आहेत, त्यांचा इथे फार उपयोग होतो.

पाचवा स्टार वॉटरमार्कने खाल्ला. तो काढायला पैसे मागतात, आणि हेच काम लॅपटॉपवर ImageMagick फुकटात करतं. दोन्ही चित्रांत सापडणारी एकच जागा निवडा, शक्यतो दोन मेसेजमधली मोकळी फट. १०८० × २४०० च्या स्क्रीनवर ती फट पहिल्या चित्रात वरून २०१० पिक्सेलवर आणि दुसऱ्यात ४३० वर आहे असं धरा. पेंटसारख्या प्रोग्रॅममध्ये कर्सर तिथे नेला की आकडा खाली दिसतो.

```
magick 1.png -crop 1080x2010+0+0 +repage a.png
magick 2.png -crop 1080x1970+0+430 +repage b.png
magick a.png b.png -append lamb.png
```

२४०० मधून ४३० गेले की १९७०. पहिल्याचं हेडर राहतं, दुसऱ्याचं कापलं जातं. पहिल्याची खालची टायपिंगची पट्टीही जाते. तयार चित्राची उंची ३९८० भरली पाहिजे. ती भरली म्हणजे कापणं बरोबर, पण फट तीच होती का हे जोडाच्या वरखालच्या मेसेजच्या वेळा मूळ चॅटशी ताडूनच कळतं.

पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका. व्हॉट्सॲप लांब चित्र आक्रसवतं आणि टँकरचे आकडेच वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.