फोर-केच्या नावाने विकलेला डमी प्लग, आणि त्यापायी गळ्यात पडलेलं ग्राफिक्स कार्ड

देवगडकडच्या एका आंबा बागायतदाराची पॅकिंग शेड. तिथल्या कॉम्प्युटरवर सोळा कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर चालतं आणि मालक ते मुंबईतून रिमोटने बघतात. शेडमध्ये मॉनिटर नाही. मॉनिटर जोडलेला नसला की ग्राफिक्सला चित्र कुठे पाठवायचं ते कळत नाही, आणि रिमोटवर काळा पडदा किंवा 1024×768 चं आखूड चित्र येतं. म्हणून तंत्रज्ञाने एचडीएमआयचा डमी प्लग, म्हणजे मॉनिटर जोडलाय असं कॉम्प्युटरला भासवणारा छोटा प्लग, बसवला. पाकिटावर ‘फोर-के, साठ हर्ट्झ’, किंमत 1,800 रुपये. साधे प्लग ऑनलाइन चार-पाचशेच्या आत मिळतात.

बसवल्यावर त्याने डिस्प्ले सेटिंगमध्ये 3840×2160 दाखवलं. मालकांनी मान डोलावली आणि पैसे दिले. फसवणूक नेमकी इथेच झाली. रिझोल्यूशन पहिल्याच पानावर दिसतं, पण रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो आकडा, आतल्या ‘Advanced display’ मध्ये असतो आणि ते पान कोणी उघडलंच नाही. तिथे तीस हर्ट्झ होते. माउस अडखळतो अशी तक्रार गेल्यावर उत्तर मिळालं की मशीन जुनं आहे, ग्राफिक्स कार्ड घाला. 9,500 रुपयांचं कार्ड आलं, तरी आकडा तीसच राहिला.

तो राहणारच होता. डमी प्लगमध्ये ग्राफिक्सची ताकद अशी काही नसते. आत एक छोटी मेमरी चिप असते आणि तिच्यात ईडीआयडी नावाची माहिती, साधारणपणे 256 बाइट. ‘मी असा मॉनिटर आहे, मला एवढी रिझोल्यूशनं चालतात,’ एवढंच ती कॉम्प्युटरला सांगते. सोबत पोर्टच्या पाच व्होल्टमधून एक रेझिस्टर हॉट-प्लगच्या पिनेला जोडलेला असतो, म्हणजे काहीतरी लावलंय हे कॉम्प्युटरला समजतं. कार्ड कितीही महाग असो, या यादीत नसलेला मोड ते आपणहून देत नाही.

फोर-के साठ हर्ट्झला 594 मेगाहर्ट्झचं पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, लागतं, तीसला 297. जुन्या एचडीएमआय 1.4 ची मर्यादा 340 आहे. त्यामुळे दोष दोनांपैकी एका ठिकाणी असू शकतो, प्लगच्या यादीत किंवा कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये. कोणता ते ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. त्यासाठी उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा (या वेळेपुरता मॉनिटर उसना आणून दुसऱ्या पोर्टला लावा), इंटरनेट जोडा, टर्मिनल उघडा आणि या आज्ञा द्या:

```
sudo add-apt-repository -y universe
sudo apt update
sudo apt install edid-decode
edid-decode /sys/class/drm/card0-HDMI-A-1/edid
```

`card0` च्या जागी `card1` असू शकतं; पोर्टचा आकडाही बदलतो. आउटपुटमध्ये 3840x2160 च्या ओळी बघा. पुढे 60 हर्ट्झ आणि 594 मेगाहर्ट्झ असेल तर प्लग सांगितल्याप्रमाणे आहे; तरीही विंडोजमध्ये तीसच दिसत असतील तर अडचण पोर्टची किंवा ड्रायव्हरची. पण यादी 30 हर्ट्झ आणि 297 वरच थांबत असेल, तर पाकिटावरचा मजकूर खोटा आहे आणि हेच आउटपुट तुमचा पुरावा आहे. देवगडच्या प्लगची यादी 297 वर संपत होती. दुसरा, खरा प्लग मशीनच्या मूळ पोर्टला लावल्यावर साठ मिळाले. कार्डाची गरज सुरुवातीपासूनच नव्हती.

मुळात साठ हवेत का, हेही खरेदीआधी विचारायला हवं होतं. कॅमेरे सेकंदाला पंधरा ते पंचवीस चित्रं देतात, आणि रस्टडेस्कसारख्या रिमोट सॉफ्टवेअरची मूळ मर्यादाही तीसचीच आहे. इथे 1920×1080 चा साधा प्लगही बऱ्यापैकी चालला असता, पण सोळा चौकोनांत नंबरप्लेट वाचायची असेल तर फोर-केला अर्थ आहे. विंडोज प्रो असेल आणि तिचंच रिमोट डेस्कटॉप वापरायचं असेल तर प्लग लागतच नाही, कारण ते आपला पडदा स्वतः तयार करतं. इतर सॉफ्टवेअरसाठी प्लगचंच काम करणारा व्हर्च्युअल डिस्प्ले ड्रायव्हर मोफत मिळतो. कोणी त्याचे ‘लायसन्स’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. त्याची एकच मोठी उणीव आहे. तो विंडोजमध्ये चालतो, त्यामुळे मोठ्या अपडेटनंतर बंद पडला तर दूर बसून पडदा परत आणणं अवघड होतं. पावसाळ्यात चार-चार दिवस शेडकडे कोणी फिरकत नाही अशा ठिकाणी आम्ही प्लगच सुचवतो.

प्लग घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत ही तपासणी करा. बिलावर ‘फोर-के साठ हर्ट्झ’ असं लिहून घ्या. ‘डमी प्लग’ एवढंच लिहिलं असेल तर विक्रेता सहज हात वर करतो. पाकिटाचा फोटो, बिल आणि आउटपुटचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा, आणि त्या तक्रारीत प्लगबरोबर त्याच्यामुळे घ्यायला लावलेल्या कार्डाचीही रक्कम मागा.