एक चादर, तीन फोन, एक करडं कार्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चादरी-टॉवेल ऑनलाइन विकणाऱ्या दुकानात फोटो एकाच फोनवरून कधीच निघत नाहीत. मालकाचा एक फोन, काउंटरवरच्या पोराचा दुसरा, गोदामातला तिसरा. मग तीच मरून चादर एका फोटोत विटकरी, दुसऱ्यात जांभळट आणि तिसऱ्यात फिकी दिसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, रंग वेगळा पाठवला. यावर उपाय म्हणून १८ टक्के करड्या रंगाचं, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत पाठवणारं, प्लास्टिक कार्ड घेतलं. नवी पेठेतल्या दुकानात ते आठ महिने रोज वापरात आहे.

कार्ड फोटो सुधारत नाही, दोष कुठला आहे ते सांगतं. तेवढ्यासाठी ते घ्यावं.

तुलना करताना पहिली चूक होते ती तिन्ही फोन शेजारी धरून पाहण्याची. तेव्हा आपण कॅमेरे नाही, स्क्रीन तपासत असतो. प्रत्येकाचा ब्राइटनेस वेगळा, एखाद्यात डोळ्यांसाठीचा पिवळा मोड चालू. फोटो एकाच कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आक्रसतो आणि शटर-आयएसओची नोंदही पुसली जाते.

दृश्य ठरलेलं असावं. दारापासून आत सहा फूट, मरून जॅकार्ड चादर, तिच्यावर घडी केलेला पांढरा टेरी टॉवेल, मध्ये कार्ड. तिन्ही फोन एकाच स्टँडवर, पाच फुटांवरून, मुख्य लेन्सने म्हणजे १x वर. वाइड लेन्सचा सेन्सर वेगळा असतो, तिचा फोटो तुलनेत धरू नका. एचडीआर बंद होत असेल तर बंद करा, फ्लॅश नको, आणि प्रत्येक फोनने तीन फोटो काढून पहिला सोडून द्या. फोन समोर धरल्यावर प्रकाशाचा अंदाज बसायला एक-दोन सेकंद जातात. कार्ड किंचित खाली झुकवा. आमच्या कार्डाला थोडी चमक आहे आणि ट्यूबलाइटचा चट्टा पडला की आकडा फुगतो. जमलं तर मॅट घ्या.

मग कार्डाच्या मधल्या भागातल्या लाल, हिरव्या आणि निळ्याच्या ० ते २५५ मधल्या आकड्यांची सरासरी काढायची. कॉम्प्युटरवर ImageMagick आणि ExifTool असतील तर दोन ओळींचं काम आहे. चौकोनाची जागा आपल्या फोटोप्रमाणे बदलावी:

```
exiftool -T -FileName -FNumber -ExposureTime -ISO *.jpg
magick a.jpg -crop 200x200+1900+1400 +repage -format "%[fx:255*mean.r] %[fx:255*mean.g] %[fx:255*mean.b]\n" info:
```

एका सकाळचे हिरव्याचे आकडे असे आले: पहिला फोन ११८, दुसरा १४१, तिसरा ९७. १८ टक्के करडा फोटोंच्या नेहमीच्या एसआरजीबी रंगमोजणीत ११८ च्या आसपास बसतो, पण आकडा दुप्पट म्हणजे प्रकाश दुप्पट, असं इथे नसतं. प्रकाश दुप्पट झाला, म्हणजे एक स्टॉप वर गेलं, की ११८ चे साधारण १६२ होतात; निम्मा झाला, म्हणजे एक स्टॉप खाली, की ८५. म्हणजे दुसरा फोन पहिल्यापेक्षा अर्धा स्टॉप उजळ आणि तिसरा जवळपास तेवढाच गडद. फोन स्वतःचा कॉन्ट्रास्ट चढवतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळच.

यापुढे शटर-आयएसओची नोंद बघायची. पहिल्या फोनने १/५० आणि आयएसओ १२५ घेतलं, दुसऱ्याने १/१०० आणि २५०. लेन्स दोघांची एफ/१.८. हिशेबाने दोन्ही सारखेच. तरीही दुसरा उजळ, म्हणजे तो फरक फोटो घेताना नाही, नंतरच्या प्रक्रियेत पडला. तिसऱ्याने १/१०० आणि १६० घेतलं होतं, म्हणजे त्याने एक्सपोजरच खरोखर कमी घेतलं. का? त्या फोटोत टॉवेलची घडी जास्त उलगडलेली होती. पांढरं जास्त दिसलं की मीटर ते करड्यावर ओढतो. तिथे कार्डावर बोट दाबून एक्सपोजर लॉक केलं की प्रश्न मिटतो. दुसऱ्या फोनला मात्र लॉकने फरक पडत नाही, त्याला दर वेळी एक्सपोजर अर्धा स्टॉप खाली घ्यावं लागतं.

जाता जाता शटरचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. प्रो मोडमध्ये १/५० किंवा १/१०० ठेवा. १/२५० वर स्वस्त एलईडीखाली आडवे पट्टे येतात आणि कार्डाचा आकडा पट्ट्यागणिक हलतो.

व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे प्रकाशाची रंगछटा काढून पांढरं पांढरंच दाखवण्याचा, गोंधळ यापेक्षा मोठा. करड्या कार्डावर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. टॉवेल बराच दिसत असताना पहिल्या फोनचे ११७, ११८, ११९ आले, म्हणजे उत्तम. तोच फोन, तोच प्रकाश, फक्त टॉवेल काढून चादर चौकटभर पसरली, तर १०८, ११८, १२४. लाल घसरला, निळा चढला. फोनला वाटलं प्रकाशच तांबूस आहे, म्हणून त्याने लाल कापला, आणि मरून जांभळट झाला. 'माझा फोन रंग चुकवतो' ही तक्रार बहुतेक वेळा चौकटीत काय भरलंय याची असते. कार्ड नसतं तर हे कळलंच नसतं.

उपाय म्हणून प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स हाताने ठेवायचा. तिन्ही फोनवर ५५०० केल्विन लिहून मोकळं होऊ नका. एकाचे ५५०० म्हणजे दुसऱ्याचे ५५०० नव्हेत. प्रत्येक फोन कार्डावर जुळवून त्याचा आकडा कागदावर लिहून चिकटवा. आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, हे नवख्याला हटकून उलटं वाटतं. आणि हा सरकता दांडा निळा-पिवळाच हलवतो. ट्यूबची हिरवट झाक त्याने जात नाही, ती नंतर स्नॅपसीड किंवा लाइटरूममध्ये ड्रॉपर कार्डावर टेकवून काढावी लागते.

ड्रॉपर टॉवेलवर मात्र टेकवू नका. पांढऱ्या टॉवेलला आणि झेरॉक्सच्या कागदालाही बहुधा चमक देणारं रसायन असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते निळसर उजळतं. त्याला पांढरं मानलं की सगळा फोटो पिवळा पडतो. दुकानात ट्यूबखाली हा घोळ जवळजवळ दिसत नाही, दाराशी लगेच दिसतो.

कार्ड जिथे हरतं ती जागा म्हणजे मिसळलेला प्रकाश. उन्हाळ्यात दारावर हिरवी नेट बांधली की चादरीच्या एका काठावर हिरवट ऊन आणि दुसऱ्यावर ट्यूब असते. कार्ड दाराकडे ठेवा, आतला काठ बिघडतो; आत ठेवा, दाराकडचा. दुरुस्ती एकाच प्रकाशाची होते. एकतर ट्यूब बंद करून नेट सोडवा, नाहीतर दुकानाचं शटर ओढून फोटो ट्यूबखालीच काढा.

दुसरी मर्यादा उशिरा लक्षात आली. कार्ड तिन्ही फोटोंत अचूक करडं झालं तरी मरून तीन तऱ्हेचाच राहिला, फक्त फरक कमी झाला. प्रत्येक सेन्सरचे रंगफिल्टर वेगळे आणि वर फोनने चढवलेला रंगांचा भडकपणा. शिवाय एक फोन डिस्प्ले पी३ या एसआरजीबीपेक्षा रुंद रंगपट्ट्यात फोटो साठवतो. करड्याचे आकडे तिथे एसआरजीबीसारखेच, पण तोच मरून आकड्यांत कमी लाल दिसतो. आधी एसआरजीबीत बदलून मगच चादरीचे आकडे मोजावेत. म्हणून आता एका मालिकेतल्या सगळ्या चादरी एकाच फोनने काढल्या जातात. बाकीचे दोन फोन टॉवेलसाठी. तिथे करडं जुळलं की काम भागतं.