वाराणसीला रेल्वेने की विमानाने? तीन स्क्रीनशॉटचा हिशेब

मेहुण्याने व्हॉट्सॲपवर तीन स्क्रीनशॉट टाकले: एक रेल्वेचा, दोन विमानांचे. आम्ही चौघे: मी, बायको, आई आणि सात वर्षांची मुलगी. दादरच्या घरातून निघून वाराणसीच्या हॉटेलात पोहोचायचं.

रेल्वेच्या स्क्रीनशॉटवर सीएसएमटी 00:10, तारीख 15; वाराणसी 04:20, तारीख 16. आई म्हणाली, "पंधराला रात्री निघायचं ना?" नाही! 00:10 म्हणजे चौदाची रात्र. पंधराला रात्री स्टेशनवर गेलो असतो तर गाडी निघून जवळपास दिवस झाला असता. गाडीतला वेळ 28 तास 10 मिनिटं. घरून पावणेअकराला निघून, पहाटे पाचला हॉटेल धरलं की सव्वातीस तास.

विमानाच्या दोन तिकिटांचे पीएनआर वेगळे, म्हणून एकूण वेळ कुठेच छापलेला नाही. मुंबई 06:25, दिल्ली 08:40. पुढचं दिल्ली 11:55, वाराणसी 13:25. म्हणजे सात तास, त्यात दिल्लीतला थांबा सव्वातीन. पण तो सगळा हातात नसतो. वेगळ्या पीएनआरवर बॅगा आपणच घेऊन पुन्हा द्यायच्या, आणि काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो. उरले सव्वादोन तास. त्यात पहिलं विमान टी-1 ला उतरतं, दुसरं टी-3 वरून सुटतं. पहिलं विमान दीड तास उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडालेच समजा, कारण दोन तिकिटांचा एकमेकांशी संबंध नाही. घर ते हॉटेल मात्र पहाटे 3:45 ते दुपारी 2:55, म्हणजे 11 तास 10 मिनिटं.

पैशांत मी आधी फसलो. पहिल्या विमानाच्या स्क्रीनवर 4,850 माणशी होते आणि माणशी 350 सुविधाशुल्क पुढच्या पानावर. दुसऱ्यावर 14,200 चौघांचे, सगळं धरून. मी दोन्ही आकडे तसेच बेरजेला घेतले आणि विमान आहे त्यापेक्षा बरंच स्वस्त वाटलं. खरा हिशेब: 5,200 गुणिले चार, अधिक 14,200, म्हणजे 35,000. टॅक्सी, खाणं धरून 37,600, माणशी 9,400.

रेल्वेचे थ्री एसीचे 6,540, मुलीला पूर्ण बर्थ घेतल्याने तिचंही पूर्ण भाडं. जेवण, टॅक्सी, रिक्षा धरून 8,400, माणशी 2,100.

म्हणजे वाचणाऱ्या एकोणीस तासांसाठी माणशी 7,300, तासाला साधारण 380 रुपये. एकट्याने कामासाठी जायचं असतं तर मी दिले असते. चौघांचे 29,200 देऊन वर दिल्लीत धावपळ, हे मला पटलं नाही. शिवाय आईला खिडकीची जागा हवी.

फक्त पहाटे पाचला पोहोचून खोली बाराला मिळणार, ही रेल्वेची अडचण स्क्रीनशॉटवर दिसत नाही. हॉटेलला फोन केला. अर्ध्या दिवसाचे 900 देऊन लवकर मिळेल म्हणाले. रेल्वे आता माणशी 2,325.