हायड्रॉक्सीयुरिया: अकरा महिन्यांचा अनुभव, रिपोर्टच्या फाईलसकट

मी गडचिरोली जिल्ह्यातला, वय 27, वजन 50 किलो, सिकलसेल एसएस. औषध सुरू होण्याआधीच्या वर्षात दुखण्यामुळे पाच वेळा भरती झालो होतो. कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकायला लागली की सलाईन लागल्याशिवाय सुटका नसायची.

औषध सुरू झालं आणि पहिल्याच महिन्यात पुन्हा भरती. हे काही कामाचं नाही, असं वाटून मी सोडायला निघालो होतो. डॉक्टरांनी समजावलं, की ही दुखणं थांबवणारी गोळी नाही. ही घेतल्यावर शरीर बाळपणीचं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, जास्त बनवू लागतं. ते असलं की लाल पेशी सहजासहजी विळ्यासारख्या वाकत नाहीत. पण तशा पेशी रक्तात पुरेशा व्हायला तीन ते सहा महिने लागतात.

कॅप्सूल 500 मिलीग्रॅमची. रोज एक, म्हणजे मला किलोमागे 10. दोन महिन्यांनी एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन, म्हणजे सरासरी 15. आणखी दोन महिन्यांनी रोज दोन, म्हणजे 20. प्रत्येक वाढीच्या आधी सीबीसी, आणि मधेही दर महिन्याला.

सहाव्या महिन्यातला रिपोर्ट मात्र नीट सांगतो. पांढऱ्या पेशी 2,600. ओळखीचे म्हणाले, अशक्तपणा असेल, घेत राहा. मी ऐकलं नाही, हे बरं झालं. डॉक्टरांनी त्यातल्या न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींची, टक्केवारी पाहिली: 34. 2,600 चे 34 टक्के म्हणजे 884. हा आकडा 2,000 च्या आसपास हवा असतो, आणि 1,000 च्या खाली गेला की औषध थांबवायचं. प्लेटलेट 1 लाख 10 हजार होत्या, त्या चालणाऱ्या. 80 हजारांखाली गेल्या असत्या तरी औषध थांबवलंच असतं. या काळात ताप आला तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात यायचं, अशी सक्त ताकीद होती.

आठवडाभर औषध बंद. पुढच्या तपासणीत पांढऱ्या पेशी 4,200 आणि न्यूट्रोफिल 50 टक्के, म्हणजे 2,100. मग पुन्हा एक-दोन, एक-दोन असा क्रम. माझ्या शरीराला झेपणारी मात्रा हीच निघाली. शेजारच्याला किलोमागे 20 चालत असेल, म्हणून मी ती घ्यायची नाही.

एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, 82 वरून 101 वर गेला. गोळी खरंच घेतो की नाही, हे डॉक्टर त्यावरून ओळखतात. नखं थोडी काळपट झाली आहेत, त्याचं काही वाटत नाही. लग्न ठरतंय, म्हणून मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन बोल, असं सांगितलं आहे.

पहिल्या महिन्यानंतर एकदाच भरती झालो, तीही डिसेंबरात लग्नघरी कॅप्सूल विसरून दहा दिवस नागा पडल्यावर. परवाचा न्यूट्रोफिलचा आकडा 2,300 आला. मात्रा तीच, पुढचा सीबीसी दोन महिन्यांनी.